शनिवारीच पोहोचलेला रविवार

ऑगस्टच्या पहिल्या रविवारी सकाळी सात वाजता नाशिकमधली एक बाई चहाचा कप हातात घेऊन पंचवीस वर्षांच्या मैत्रिणीला ‘हॅपी फ्रेंडशिप डे’ पाठवते, असं समजू. मैत्रीण कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेला असते. तिच्याकडे तेव्हा शनिवारचे संध्याकाळचे साडेसहा वाजलेले असतात. ती वाणसामान गाडीत भरत असते, नाहीतर मुलांना कुठून तरी घेऊन येत असते. संदेशावर ओझरती नजर पडते आणि तो ग्रुपवरच्या गुलाबांच्या ढिगाखाली जातो. दुसऱ्या दिवशी तिचा रविवार उजाडतो, तेव्हा इकडचा संपत आलेला असतो.

भारताची वेळ जागतिक प्रमाणवेळेच्या साडेपाच तास पुढे आहे, कारण ती मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश रेखांशावर ठरलेली आहे. पंधरा अंशांना एक तास, म्हणून तो अर्धा तास. (खुद्द मुंबई 1955 पर्यंत देशाच्या 39 मिनिटं मागे असलेली आपली स्वतःची वेळ धरून बसली होती, त्यामुळे घड्याळांचा हा घोळ आपल्याला नवा नाही.) ऑगस्टमध्ये कॅलिफोर्निया भारताच्या साडेबारा तास मागे असतं. हिशेब सोपा आहे: आपल्या घड्याळातून अर्धा तास वजा करायचा आणि सकाळची संध्याकाळ, संध्याकाळची सकाळ करायची. इकडे रविवारी रात्री साडेआठला पाठवलेला संदेश तिकडे रविवारी सकाळी आठला पोहोचतो. लंडनच्या मित्राला मात्र सकाळी सातचा संदेश पहाटे अडीचला गाठतो, आणि सिडनीच्या मित्राला साडेअकराला.

पहाटेची वेळ टाळायला आणखी एक कारण आहे. परदेशी राहणाऱ्यांचे आईवडील इकडे म्हातारे होत असतात. रात्री फोन वाजला आणि पडद्यावर भारतातलं नाव दिसलं, की पोटात गोळा येतो. मध्यरात्रीचा मिस्ड कॉल तर त्याहून वाईट, कारण कशासाठी केला होता हेही कळत नाही.

वेळ जमली, तरी काय लिहायचं हा प्रश्न उरतोच. बऱ्याच दिवसांत बोलणं नसेल तर हात आखडतो. लारा अक्निन आणि जिलियन सँडस्ट्रॉम या मानसशास्त्रज्ञांनी 2024 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांना संपर्क तुटलेल्या जुन्या मित्रासाठी संदेश लिहायला सांगितलं. पत्ता किंवा नंबर हाताशी होता, मजकूरही लिहून झाला होता. तरीही तो प्रत्यक्ष पाठवणारे एकतृतीयांशापेक्षा कमी निघाले. ज्यांना आधी काही मिनिटं नेहमीच्या मित्रांना संदेश पाठवायला लावले, त्यांच्यापैकी मात्र निम्म्याहून थोड्या जास्त लोकांनी नंतर जुन्या मित्रालाही पाठवला. थोडक्यात, हात सैल करून घ्यावा लागतो.

तयार चित्रं आणि सुविचार इथे कुचकामी ठरतात, कारण ते कुणालाही चालतात. परदेशातल्या मित्राला जे गूगलवर मिळत नाही ते इथे राहिलेल्याकडे असतं: त्याच्या गल्लीची, त्याच्या माणसांची खबर. नाशिकची बाई असं लिहू शकेल:

“अगं, सगळं ठीक आहे, सहज लिहितेय. परवा काकूंकडे गेले होते. गुडघा दुखतो म्हणतात, पण मला सोडायला दोन जिने उतरून आल्या. येताना आपल्या कॉलेजसमोर मिसळ खाल्ली. तिखट तेवढंच आहे, मला मात्र आता दही लागतं. हॅपी फ्रेंडशिप डे. उत्तराची घाई नाही. पुढच्या रविवारी बोलूया? तुझ्या सकाळी आठला, म्हणजे माझ्या रविवारी रात्री साडेआठला.”

पहिल्याच वाक्यात ‘सगळं ठीक आहे’ आलं, ते मघाच्या भीतीसाठी. काकूंची बातमी अशी आहे, की ती फोनवर काकू स्वतः देणार नाहीत. आया मुलांना ‘मी बरी आहे’ एवढंच सांगतात. ‘घाई नाही’ म्हटल्यामुळे निळ्या खुणा दिसूनही उत्तर आलं नाही म्हणून रुसायची वेळ येत नाही. आणि शेवटी वार, दोन्ही घड्याळं दिलेली आहेत. नुसतं ‘उद्या रात्री बोलू’ लिहिलं असतं, तर कुणाचा उद्या आणि कुणाची रात्र यावर दोन दिवस गेले असते.

या फोनची पुढे दर रविवारची सवय झालीच, तर एक खड्डा नोव्हेंबरमध्ये आहे. त्या महिन्याच्या पहिल्या रविवारी अमेरिकेतली बहुतेक राज्यं घड्याळ एक तास मागे घेतात, भारत घेत नाही. नाशिकचे रात्रीचे साडेआठ मग सॅन होजेत सकाळचे सात होतात, तेही थंडीतल्या सुट्टीच्या दिवशी. मैत्रीण फोन उचलत नसेल तर ती बहुधा झोपलेली असते. मार्चच्या दुसऱ्या रविवारपर्यंत इकडून साडेनऊला फोन करावा.