चिकलठाण्यातलं ट्रॅक्टरचं अ‍ॅप : पहिल्या आवृत्तीत काय ठेवायचं, काय गाळायचं?

चिकलठाणा : ट्रॅक्टर भाड्याने मिळवून देणारं अ‍ॅप काढायचं, ही कल्पना आता नवी राहिलेली नाही. एमआयडीसीत नोकरी करून संध्याकाळी गावाकडे परतणाऱ्या तरुणांच्या गप्पांत ती हमखास निघते. अडचण कल्पनेत नसते, ती आराखडा कागदावर उतरवताना येते. पहिल्याच पानावर नकाशावर धावणारा ट्रॅक्टर, ऑनलाइन पेमेंट, चालकाला स्टार, हवामानाचा अंदाज, तीन भाषा, विमा असं सगळं येतं. आणि शेवटच्या पानावर ‘सहा महिन्यांत तयार’ असं लिहिलेलं असतं.

अशा आराखड्यात दोन गोष्टी वेगळ्या करून लिहाव्या लागतात. एक म्हणजे एमव्हीपी, म्हणजे कमीत कमी पण खरोखर काम भागवणारं पहिलं उत्पादन. दुसरी म्हणजे रोडमॅप, म्हणजे त्यानंतर काय, कोणत्या क्रमाने आणि कशावरून ठरवून करायचं. एमव्हीपी म्हणजे मोठ्या अ‍ॅपची लहान प्रत, असा समज सर्रास असतो आणि तिथेच पैसा वाया जातो. धंदा बुडवू शकेल अशी सगळ्यात मोठी शंका कोणती, आणि ती कमीत कमी खर्चात कशी तपासायची, या प्रश्नाचं उत्तर म्हणजे एमव्हीपी.

आता हे चिकलठाण्याच्या परिसरात लावून बघू. समजा दोन मित्रांनी करमाड, कुंभेफळ आणि लाडसावंगी ही तीन गावं धरली. आठ ट्रॅक्टरमालक तयार केले. शेतकऱ्याने काम सांगायचं, मालकाने ठरलेल्या दिवशी यायचं, मित्रांनी मधले पाच टक्के घ्यायचे. यात मोठी शंका कोणती? अ‍ॅप बनेल की नाही, ही नक्कीच नाही. तसं अ‍ॅप कोणीही बनवून देतो. शंका अशी की पाऊस पडून वापसा झाला की तीन-चार दिवसांत सगळ्यांनाच ट्रॅक्टर हवा असतो. त्या दिवशी मालक आधी स्वतःचं रान उरकतो, मग भावकीचं, मग शेजारच्या बांधाचं. अ‍ॅपवर तारीख घेतलेला अनोळखी शेतकरी या रांगेत कुठे बसतो, हे कोणालाच माहीत नसतं. दुसरी शंका अशी की एकदा काम झालं की मालकाचा नंबर शेतकऱ्याकडे राहतो. पुढच्या वेळी तो थेट फोन करील. मग मधल्यांचं काय?

या दोन्ही शंका तपासायला अ‍ॅप लागत नाही. एक मोबाइल नंबर, एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आणि एक वही पुरते. शेतकऱ्याचा फोन आला की गाव, काम, किती एकर आणि कोणता दिवस हे लिहून घ्यायचं, मालकाला फोन करायचा, होकार घ्यायचा, आणि काम झाल्यावर दोघांनाही विचारायचं, “दादा, ट्रॅक्टर ठरल्या दिवशी आला का?” वहीतला हा शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा.

महाराष्ट्रात याचं उदाहरण आहे. पुण्याच्या अ‍ॅग्रोस्टारने बी-बियाणं आणि औषधं शेतकऱ्याला थेट पोहोचवायला सुरुवात केली तेव्हा पुढे अ‍ॅप नव्हतं. शेतकरी टोल-फ्री नंबरवर मिस्ड कॉल द्यायचा आणि कंपनीचा माणूस उलट फोन करून मागणी लिहून घ्यायचा. अ‍ॅप नंतर आलं. शेतकरी न बघितलेला माल फोनवर मागवतो का आणि दारात आल्यावर पैसे देतो का, हे स्मार्टफोन हातात असण्याची वाट न बघता कळलं.

ट्रॅक्टरच्या कामात चाचणी कधी घ्यायची, यात मात्र एक फसगत आहे. मार्च-एप्रिलमध्ये नांगरणीच्या वेळी वही सुरू केली तर निकाल फार छान येतो. तेव्हा घाई नसते, आज नाही तर परवा चालतं, मालकालाही रिकामा दिवस नको असतो. चाळीसपैकी छत्तीस कामं ठरल्या दिवशी झाली म्हणून दोघे खूश होतात आणि अ‍ॅपवाल्याला आगाऊ रक्कम देऊन टाकतात. खरी परीक्षा जूनमध्ये असते. म्हणून एप्रिलची चाचणी फक्त कामाची पद्धत बसवण्यासाठी धरावी. फोन किती वेळ चालतो, एकर चुकीचं सांगितलं जातं का, मालक फोन कधी उचलतो, एवढंच त्यातून घ्यायचं. ट्रॅक्टर सुरू असताना घंटी ऐकूच येत नाही, त्यामुळे मालकाला पहाटे किंवा रात्री जेवणानंतर गाठावं लागतं, हे पहिल्या आठवड्यातच कळतं. अ‍ॅपमध्ये ‘दोन मिनिटांत होकार’ असं लिहिणाऱ्याने हे आधी पाहिलेलं बरं.

जूनच्या चाचणीआधी आकडा लिहून ठेवायचा, नंतर नाही. उदाहरणार्थ, पेरणीच्या पंधरवड्यात ठरलेल्या 40 कामांपैकी किमान 28 ठरल्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी झाली पाहिजेत. आणि ज्यांचं पहिलं काम झालं त्यांच्यापैकी निम्म्यांनी तरी दुसऱ्या कामाला परत याच नंबरवर फोन केला पाहिजे. आकडा कोणता हे ज्याने त्याने ठरवावं. पण तो आधी कागदावर नसेल तर 15 आले तरी ‘सुरुवात म्हणून ठीक’ असं मन सांगतंच.

त्याच वहीतून पैशाचा हिशेबही निघतो. धरून चाला की रोटाव्हेटरचे एकरी 1,200 रुपये आणि सरासरी काम दोन एकरांचं. 40 कामं म्हणजे 80 एकर, म्हणजे 96,000 रुपयांचं काम. त्याचे पाच टक्के 4,800 रुपये. एवढ्यात फोन घेणाऱ्या एका मुलाचा महिन्याचा पगार निघत नाही. म्हणजे तीन गावांत पाच टक्क्यांवर हे चालणार नाही, हे अ‍ॅपचा एक रुपयाही खर्च न करता समजलं. वर शेतकरी बहुतेक वेळा माल विकल्यावर पैसे देतो, त्यामुळे हे 4,800 सुद्धा जूनमध्ये हातात येत नाहीत. मग गावं वाढवायची, मालकाकडून महिन्याची ठरावीक रक्कम घ्यायची, की मळणी यंत्र आणि फवारणीची जोड द्यायची, हा रोडमॅपमधला खरा प्रश्न ठरतो. नकाशा आणि स्टार यांचा नंबर त्याच्या बराच मागे लागतो.

जूनचा आकडा जमला तरच अ‍ॅप. आणि त्याचीही पहिली आवृत्ती शेतकऱ्यासाठी नसते. ती फोनवर बसलेल्या मुलासाठी असते, कारण वहीची पानं उलटण्यात सगळ्यात जास्त वेळ त्याचाच जातो. गावानुसार आजची कामं, कोणता मालक मोकळा, आणि ‘काम झालं’ची खूण, एवढे तीन पडदे पुरतात. ऑनलाइन पेमेंट गाळायचं, कारण उधारीच्या व्यवहारात ते वापरलंच जात नाही. स्टार गाळायचे, कारण आठच मालक आहेत आणि कोण कसा आहे हे पारावर बसलेल्यांना आधीच ठाऊक आहे. ओटीपीवर लॉगिनसुद्धा मागे ठेवलेलं बरं. व्यावसायिक एसएमएस पाठवायचे तर दूरसंचार कंपन्यांकडे डीएलटी नोंदणी करून मजकुराचा नमुना मंजूर करून घ्यावा लागतो, आणि पहिल्यांदा करणाऱ्याचे त्यात सहज काही दिवस जातात.

शेतकऱ्याच्या हातातलं अ‍ॅप हा त्यापुढचा टप्पा. तिथे ई-पीक पाहणीकडे बघण्यासारखं आहे, कारण ते अ‍ॅप बहुतेक वाचकांनी स्वतः वापरलंय. 15 ऑगस्ट 2021 पासून ते राज्यभर सुरू झालं. बांधावर नेटवर्क नसेल तर नोंद मोबाइलमध्ये राहते आणि नंतर अपलोड होते, आणि एका मोबाइलवरून अनेक खातेदारांची नोंद करता येते. ग्रामीण भागातल्या अ‍ॅपला पहिल्या दिवसापासून याच गोष्टी हव्या असतात. पुढच्या वर्षी 1 ऑगस्ट 2022 ला दुसरी आवृत्ती आली. तिच्यात फोटो घेताना आपण गटापासून किती लांब आहोत हे अ‍ॅप सांगू लागलं आणि चुकलेली नोंद 48 तासांत दुरुस्त करायची सोय झाली. रोडमॅपचा दुसरा टप्पा असाच, पहिल्या हंगामात लोक कुठे अडले यावरून भरायचा असतो. जानेवारीत बसून तो पूर्ण लिहिता येत नाही. जानेवारीच्या आराखड्यात त्या जागी ‘जूनच्या वहीवरून ठरेल’ असं लिहिलं तर तो कच्चेपणा नाही.

अर्थात निधी देणारे तारखा मागतातच. शहरात सीएमआयएने उभं केलेलं ‘मॅजिक’ हे इन्क्युबेशन केंद्र आहे. केंद्र सरकारच्या स्टार्टअप इंडिया सीड फंड योजनेत निवडलेल्या इन्क्युबेटरमार्फत कल्पनेची पडताळणी, नमुना आणि चाचणी यांसाठी 20 लाखांपर्यंत अनुदान मिळू शकतं. त्यासाठी कंपनीला डीपीआयआयटीची मान्यता लागते आणि अर्जाच्या वेळी तिची नोंदणी दोन वर्षांहून जुनी नसावी लागते. हे अनुदान एकरकमी मिळत नाही, टप्पा पूर्ण झाल्यावर हप्ता मिळतो. टप्प्यात ‘अ‍ॅपचे 12 पडदे तयार’ लिहिलं तर पडदे बनवून दाखवावे लागतात, मग ते कोणाला हवे असोत वा नसोत. ‘पेरणीत 40 पैकी 28 कामं वेळेवर’ लिहिलं तर पैसा आणि तपासणी एकाच दिशेने जातात.

तारखा मागे मोजत लावायच्या. ऑक्टोबरात मका आणि सोयाबीनची मळणी सुरू होते, शेतकऱ्याचं अ‍ॅप त्याआधी हातात हवं. गुगल प्ले स्टोअरवर नवीन वैयक्तिक खात्यावरून अ‍ॅप सगळ्यांसाठी खुलं करायचं तर आधी किमान 12 जणांनी सलग 14 दिवस बंद चाचणीत राहावं लागतं. त्यानंतर परवानगीचा अर्ज आणि तपासणी. बारातले दोघे मध्येच बाहेर पडले तर अडचण, म्हणून वीसेक जण घेतलेले बरे, आणि त्यात ट्रॅक्टरमालक हवेत, फक्त मित्र नकोत. यावरून अ‍ॅप ऑगस्टच्या मध्यात चाचणीला गेलं पाहिजे. जुलै वहीचा हिशेब लावण्यात जातो. म्हणजे बनवायला हातात उरतात जेमतेम दोन आठवडे, आणि एवढ्यात बसतील तेवढेच पडदे पहिल्या आवृत्तीत येतात. बाकीचे ‘नंतर’च्या यादीत, प्रत्येकापुढे एक ओळ लिहून : हे कोणी, किती वेळा मागितलं.