धावण्याचा वेळ, घड्याळाचा वेळ : हरवलेले चार दशांश

ब्लॉकच्या कोनांबद्दल आज लिहीन म्हणालो होतो, पण दौंडहून आलेल्या एका पत्राने तो विषय आठवडाभर मागे ढकलला. पत्र भरतीची तयारी करणाऱ्या मुलाचं आहे. दौंडला राज्य राखीव पोलीस बलाचे दोन गट असल्याने पहाटे मैदानावर अशी पोरं पुष्कळ दिसतात. हा मुलगा लिहितो, ‘मित्राच्या स्टॉपवॉचवर माझे शंभर मीटर ११.३ येतात. स्पर्धेत इलेक्ट्रॉनिक घड्याळाने ११.७० दाखवले. मशीन चुकीचं होतं का?’

मशीन बरोबर होतं. मित्रही प्रामाणिक असावा. फक्त दोघांनी वेगवेगळ्या गोष्टी मोजल्या.

मागच्या वेळी पाहिलं तसं, अधिकृत घड्याळ बंदुकीबरोबर सुरू होतं, धावपटूबरोबर नाही. आवाज कानात शिरून पायाने ब्लॉक दाबेपर्यंतचा प्रतिक्रिया-काळ त्याच्या खात्यात जमा होतो. या मुलाचा तो ०.१८ सेकंद धरू. म्हणजे ११.७० मधला प्रत्यक्ष धावण्याचा वेळ ११.५२. इथवर सोपं आहे.

आता मित्र कुठे उभा आहे ते बघा. तो शेवटच्या रेषेवर आहे. स्टार्टरचा हात खाली आलेला पाहून त्याने बटण दाबलं, तर त्याच्या अंगठ्यालाही साधारण ०.२० सेकंद लागतात. शेवटी मात्र पोरगा येताना दिसत असतो, त्यामुळे बटण बरोबर रेषेवर दाबलं जातं. हिशेब ११.५० चा होतो. धावपटूचा उशीर आणि घड्याळवाल्याचा उशीर एकमेकांना जवळजवळ खाऊन टाकतात आणि हातातलं घड्याळ नकळत धावण्याचा खरा वेळ सांगून जातं! हाताच्या वेळेत ०.२४ मिळवून इलेक्ट्रॉनिकशी तुलना करण्याचा रिवाज आहे, त्याचं मूळ याच उशिरात आहे. ११.५० अधिक ०.२४ म्हणजे ११.७४, मशीनच्या अगदी जवळ.

पण ११.३ कुठून आले? बहुधा मित्र हाताकडे न बघता पोराकडे बघत होता. ब्लॉकवर दाब पडल्यानंतर पाय उचललेला डोळ्यांना दिसेपर्यंत आणखी थोडा वेळ जातो, बंदुकीपासून धरला तर पाव सेकंद. त्यानंतर अंगठ्याचे ०.२०. घड्याळ सुरू झालं तेव्हा ०.४५ सेकंद उलटून गेले होते. ११.७० मधून ते वजा केले की ११.२५, आणि वरच्या दशांशाला नेले की ११.३. शिट्टीच्या आवाजावर बटण दाबलं तरी असंच होतं, कारण शंभर मीटर यायला आवाजालाच ०.२९ सेकंद लागतात. म्हणून जुने जाणते टाइमकीपर बंदुकीचा धूर बघतात.

भरतीत गुण सेकंदांच्या टप्प्यांवर ठरत असताना अशा ११.३ वर विसंबणं मला धोक्याचं वाटतं. त्यात ०.२४ मिळवूनही उपयोग नाही. उत्तर ११.५४ येतं, म्हणजे तरीही दीड दशांश खोटं.

मग प्रतिक्रिया-काळ सुधारला की झालं? २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकची अंतिम शर्यत आठवा. फ्रेड कर्ली ०.१०८ सेकंदांत सुटला, नोआ लाइल्स ०.१७८ मध्ये. लाइल्स ९.७९ (हजारांशात ९.७८४) मध्ये जिंकला, कर्ली ९.८१ वर तिसरा. सुटण्याचा वेळ काढून टाकला तर लाइल्स ९.६०६, कर्ली साधारण ९.७०. दोघांच्या धावण्यात जवळजवळ एक दशांशाचं अंतर होतं, पण निकालपत्रावर त्यातलं अडीच शतांशच उरलं. बाकीचं कर्लीने जागेवरच मिळवलं होतं. त्याला आणखी फारसं मिळवताही आलं नसतं, कारण ०.१०० च्या आत सुटलेला धावपटू आवाज ऐकून नव्हे, अंदाजाने सुटला असं नियम मानतो.

शिरूर-दौंडच्या मैदानावर सेन्सर लावलेले ब्लॉक नसले तरी मोबाइल असतो. सेकंदाला २४० चित्रं घेणाऱ्या स्लो मोशनमध्ये लाकडी क्लॅपर आणि पाय दोन्ही एकाच चौकटीत घ्या. फळ्या भिडल्यापासून पाय हलेपर्यंतची चित्रं मोजा आणि २४० ने भागा. ६० चित्रं म्हणजे पाव सेकंद. डोळ्याला हालचाल उशिरा दिसते, म्हणून हा आकडा सेन्सरपेक्षा मोठाच येणार. त्याची तुलना स्वतःच्या कालच्या आकड्याशी करावी, कर्लीशी नाही.

एखाद्या दिवशी २०-२५ चित्रांतच पाय हलला तर हुरळू नका. ‘सेट’ म्हटल्यावर क्लॅपर वाजवणारा दरवेळी तितकाच थांबतोय आणि पोरगा मनात मोजून सुटतोय, एवढाच त्याचा अर्थ. थांबणं कधी दीड, कधी अडीच सेकंदांचं ठेवायला सांगा आणि तीच मोजणी पुन्हा करा.

ब्लॉकचे कोन आता पुढच्या आठवड्यात.