देशी जास्वंद, आठ इंची, १८० रुपये

जून सरत आला की रोपवाटिकांचे फोटो मोबाईलवर येऊ लागतात. हिरव्या जाळीखाली रोपांच्या रांगा आणि खाली साधारण अशा ओळी: ‘पावसाळी रोपं आली! देशी लाल जास्वंद, ५ इंची पिशवी ६० रु., ८ इंची कुंडीत १८० रु. मोगरा, ६ इंची पिशवी ८० रु. कढीपत्ता, ५ इंची पिशवी ४० रु. कलमी सोनचाफा, ८ इंची पिशवी २५० रु. ऊन हवं, पाणी बेतानं.’ भाव शहरागणिक बदलतात. पुण्याहून सोलापूर रस्त्यानं उरुळी कांचनकडे निघालं की रस्त्याकडेला रोपवाटिकांची रांगच लागते, तिथं हेच रोप शहरातल्या दुकानापेक्षा स्वस्त मिळतं. पण नवख्या माणसानं भावाआधी इंचांकडे पाहावं.

कुंडीचे इंच म्हणजे तिच्या तोंडाचा व्यास. पिशवीचे इंच निराळे असतात. काळी प्लास्टिकची पिशवी रिकामी, सपाट असताना जेवढी रुंद, तेवढे तिचे इंच. माती भरून ती गोल झाली की ५ इंची पिशवीचा व्यास जेमतेम सव्वातीन इंच उरतो आणि ८ इंचीचा पाच. म्हणून ‘८ इंची’ असं दोन्हीकडे लिहिलेलं असलं तरी कुंडीत सुमारे चार लिटर माती असते आणि पिशवीत अडीच. शिवाय इंच दोनाने वाढले की माती जवळजवळ दुप्पट होते. १० इंची कुंडीत आठ लिटर माती मावते आणि १२ इंचीत चौदा. बारा इंची कुंडी पावसानं भिजली की वीस किलोच्या आसपास भरते. ग्रिलला टांगायचा विचार असेल तर हे आधी लक्षात घ्यावं.

आता त्याच जास्वंदीचा हिशेब करू. ६० रुपयांचं पिशवीतलं रोप घेतलं तर प्लास्टिकची ८ इंची कुंडी साठ-सत्तर रुपयांना पडते, माती-खताला चाळीस-पन्नास लागतात. म्हणजे घरी मांडेपर्यंत १८० रुपये झालेच. मग तयार कुंडीतलं रोप महाग कुठे? त्याची मुळं खरोखर कुंडीत वाढलेली असतील तर ते स्वस्तच म्हणायचं, कारण रोपवाल्यानं ते आणखी कित्येक महिने पाणी घालून सांभाळलेलं असतं आणि त्या जागेचं, त्या मेहनतीचं मोल भावात धरलेलं असतं. पण पिशवीतलं रोप कालच कुंडीत ठेवून आज तिप्पट भाव लावणारेही असतात. ओळखायचं कसं? खोड बुंध्याशी धरून अगदी हलकं वर उचलायचं. मुळं रुजली असतील तर सगळी कुंडी सोबत हलते. आतला गोळा सुटा डुलला तर ते पिशवीतलंच रोप आहे, साठ रुपयांचं.

निवडताना फुलं मोजू नयेत. शेंड्याला नवी पालवी आहे का ते बघावं आणि पानं उलटून पाहावीत. जास्वंदीच्या कोवळ्या शेंड्याशी कापसासारखं पांढरं काही दिसलं तर तो पिठ्या ढेकूण असतो. ते रोप घरी आणलं की कीड बाकीच्या कुंड्यांतही पसरते. पिशवीच्या भोकांतून जाड मुळं बाहेर आली असतील तर रोप त्या पिशवीत फार दिवस अडकलेलं आहे.

पावसाळ्यात कुंडीतली रोपं मरतात ती बहुतेक हवेअभावी. मुळांना श्वास घ्यावा लागतो. मातीच्या कणांमधल्या पोकळ्या दिवसेंदिवस पाण्यानं भरलेल्या राहिल्या की मुळं कुजतात, कुजलेली मुळं पाणी ओढू शकत नाहीत आणि पानं मलूल होतात. ती तहानेनं सुकल्यासारखीच दिसतात, म्हणून घरातलं कुणीतरी आणखी एक तांब्या ओततं. इथेच रोप जातं. पानं लोंबलेली आणि माती ओली, अशी जोडी दिसली की पाणी लगेच बंद करावं, कुंडी पावसातून आडोशाला घ्यावी आणि तळाचं भोक बुजलंय का ते काडीनं तपासावं.

याच कारणानं छोट्या रोपाला एकदम मोठी कुंडी देऊ नये. ५ इंची पिशवीतलं रोप १२ इंचीत लावलं तर त्या चौदा लिटर मातीतलं पाणी ओढायला मुळंच नसतात आणि माती आठवडाभर चिंब राहते. आधी आठ इंची द्यावी, वर्षभरानं दहा इंची. तळाशी खडीचा थर घालण्याची जुनी सवयही सोडलेली बरी. भिजलेल्या स्पंजचा खालचा भाग जसा ओथंबलेला राहतो, तसा मातीचाही तळ ओला राहतो. खडी घातली की तो ओला थर मुळांच्या आणखी जवळ येतो, एवढंच. भोकावर खापरीचा एक बाकदार तुकडा पुरतो.

आठ इंची कुंडीसाठी लाल माती किंवा पोयटा दोन लिटर, चाळलेलं शेणखत किंवा गांडूळखत एक लिटर, भाताचा तूस किंवा जाड वाळू एक लिटर आणि मूठभर लिंबोळी पेंड घ्यावी. पिशवीतली माती सोबत येणारच, त्यामुळे थोडं मिश्रण उरेल. कोकोपीट उन्हाळ्यात कामाचं असतं, पण ते पाणी धरून ठेवतं, म्हणून उघड्या गच्चीवर पावसाळ्यात कमीच वापरावं. रोप आणल्यावर चार-पाच दिवस सावलीत ठेवून मग लावावं. खोड धरून रोप उपसू नये. पिशवी ब्लेडनं उभी चिरावी आणि मातीचा गोळा न फोडता तळहातावर उचलावा. पिशवीत खोड जिथवर मातीत होतं तिथवरच नव्या कुंडीतही राहू द्यावं, जास्त खोल पुरू नये. वर एक इंच जागा मोकळी ठेवावी. कुंडी दोन विटांवर ठेवावी आणि खालची ताटली दिवाळीपर्यंत काढून टाकावी. तिच्यात साचलेल्या पाण्यात आठ-दहा दिवसांत डेंग्यूच्या डासांची एक पिढी तयार होते.

पाणी किती? बोट दोन पेरं मातीत घालून पाहावं, कोरडं लागलं तरच द्यावं. छताच्या बाल्कनीत मात्र उलटा प्रकार होतो. बाहेर धो धो पाऊस पडतो, पण कुंडीत थेंबही जात नाही, आणि ‘पावसाळा आहे’ म्हणून पाणी घालायचं राहून जातं. पहिले तीन-चार आठवडे जादा खत देऊ नये, नवी मुळं सहन करत नाहीत आणि मुसळधार पावसात खत तळातून वाहूनही जातं.

त्या फोटोखालची बाकीची नावं थोडक्यात. कढीपत्ता सुरुवातीला सावकाश वाढतो, त्याचं पान पहिलं वर्षभर फारसं तोडू नये. मोगऱ्याचा मुख्य बहर उन्हाळ्यात येतो. जुलैत घेतलेला मोगरा पावसाळाभर पानंच वाढवेल, त्याला फुलं नाहीत म्हणून रोपवाल्याशी भांडू नये. सोनचाफा कलमीच घ्यावा, बियांपासून वाढवलेल्याला फुलायला कित्येक वर्षं लागतात. कलमाच्या सांध्याखालून येणारे फुटवे खुडून टाकावेत. पिटुनिया ही थंडीची रोपं, ती आत्ता कुणी देऊ केली तरी घेऊ नयेत.

खिशात पाचशे रुपये आणि हाताशी अनुभव शून्य असेल, तर आठ इंची कुंडीत रुजलेली एक देशी लाल जास्वंद आणि पिशवीतला एक कढीपत्ता घ्यावा, उरलेल्या पैशांत कढीपत्त्यासाठी कुंडी आणि माती. संकरित जास्वंदीची मोठी रंगीत फुलं मोह घालतात, पण ती झाडं ओल्या मातीत देशीपेक्षा लवकर दगावतात. ती पुढच्या वर्षी घ्या.