काचेच्या नळीचे कंपन आणि एक बुडबुडा

पैठण रस्त्यावरील बिडकीनच्या औद्योगिक परिसरात एका प्रयोगशाळेत माझा नित्य संबंध आला तो एका वाकवलेल्या काचेच्या नळीशी. इंग्रजी यू अक्षरासारख्या या नळीत जेमतेम एक मिलिलिटर द्रव मावतो. तिला कंपन दिले म्हणजे आतील द्रव जितका जड तितका तिचा दोलनकाळ लांबतो, आणि त्या काळाच्या वर्गावरून घनता काढता येते. ऑस्ट्रियातील ग्राट्स येथे सिद्ध झालेले हे यंत्र १९६७ मध्ये विक्रीस आले.

नळीचे सूत्र ρ = A·τ² − B एवढेच आहे; A आणि B ठरविण्यासाठी ज्ञात घनतेचे दोन पदार्थ लागतात, ते म्हणजे हवा आणि पाणी. २० अंशांवर पाण्याची घनता ०.९९८२०. पाणी ऊर्ध्वपातित व नुकतेच उकळून निववलेले घ्यावे, कारण त्यात विरघळलेली हवा नळीत बारीक मण्यांच्या रूपाने चिकटते. हवेची पाळी आली की नळी अल्कोहोलने धुऊन पंपाने पूर्ण सुकवावी. येथे एक स्थानिक खुबी आहे. बिडकीन समुद्रसपाटीपासून सुमारे ५०० मीटर उंच असल्याने हवेचा दाब सुमारे ९५५ हेक्टोपास्कल राहतो, आणि हवेची घनता ०.००१२० न राहता ०.००११३ होते, म्हणून हवामान खात्याचा समुद्रसपाटीला रूपांतरित केलेला दाब यंत्रात भरू नये, जागेवरचा प्रत्यक्ष दाब भरावा. ही चूक घडली तरी आम्ही तपासतो त्या ग्लिसरीनच्या मापात फरक पडतो तो पाचव्या दशांशस्थानी, सुमारे ०.००००२ इतकाच.

बुडबुड्याचे मात्र तसे नाही. एक मिलिमीटर व्यासाचा बुडबुडा नळीची अर्धा घन मिलिमीटर जागा अडवतो, आणि १.२६१ घनतेचे ग्लिसरीन सरासरीने ०.०००६६ ने हलके दिसते. म्हणजे त्यात पाव टक्का पाणी आहे असा खोटा निष्कर्ष निघतो. वळणावर तो असला तर चूक वाढते, जखडलेल्या टोकाशी असला तर जवळजवळ नाहीशी होते. म्हणूनच त्याच नमुन्याचे आकडे दर भरणीला निराळे येतात. ही विसंगतीच बुडबुड्याची खरी साक्ष होय.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते: चिकट द्रव नळीचे कंपन मंद करतो आणि, यंत्रात त्याची दुरुस्ती नसल्यास, घनता जास्त दाखवितो. बुडबुडा उणे, चिकटपणा अधिक. दोन्ही चुका परस्परांस झाकून बरोबर वाटणारा आकडा देऊ शकतात, म्हणून अपेक्षित आकडा आला एवढ्यावर मी कधीही नमुना मंजूर करीत नाही.

माझा शिरस्ता असा: ग्लिसरीन किंचित कोमट करून झाकून ठेवावे, म्हणजे बुडबुडे वर येतात आणि ग्लिसरीन हवेतील ओलावाही शोषत नाही, मग सिरिंजमधील हवा काढून, खालच्या तोंडाने, अत्यंत सावकाश भरावे, आणि सिरिंज तशीच लावून ठेवावी, अन्यथा निवताना आकसणारा द्रव बाहेरची हवा आत ओढतो. मग यंत्राच्या खिडकीतून नळी पाहावी. दोन स्वतंत्र भरण्यांचे आकडे ०.०००१ च्या आत जुळले, तरच ते दप्तरात चढवावे.