वर गोडं, खाली खारं

पणजीपाशी मांडवी समुद्राला मिळते. भर पावसाळ्यात तिथे वरवरचं पाणी घेतलं तर ते गोडं किंवा जेमतेम मचूळ लागतं. त्याच जागी तळाजवळचं पाणी मात्र चांगलंच खारं असू शकतं.

एक किलो समुद्राच्या पाण्यात साधारण 35 ग्रॅम क्षार विरघळलेले असतात. ते पाण्यात मिसळल्यावर आकारमान जेमतेम नऊ-दहा मिलिलिटरनं वाढतं, कारण क्षारांचे विद्युतभारित कण भोवतीच्या पाण्याच्या रेणूंना स्वतःकडे घट्ट ओढून घेतात. वजन वाढतं, जागा फारशी वाढत नाही. म्हणून एक घनमीटर गोडं पाणी सुमारे 1000 किलो भरतं, तर समुद्राचं 1025. फरक अडीच टक्केच, पण तो लहान समजू नये. गोडं पाणी 20 अंशांवरून 30 अंशांपर्यंत तापवलं, तरी ते घनमीटरमागे अडीच किलोच हलकं होतं. खाडीत वर काय आणि खाली काय, हे बहुतेक वेळा मीठच ठरवतं.

आता हिशोब करून पाहू. समजा, मुखाशी समुद्र आठ मीटर खोल आहे आणि नदीची पातळी त्याच्यापेक्षा 10 सेंटिमीटर उंच आहे. पृष्ठभागापाशी नदीचा दाब जास्त, म्हणून गोडं पाणी समुद्राकडे निघतं. समुद्रपातळीखाली चार मीटरवर दर चौरस मीटरवर नदीचं पाणी 4.1 मीटर उंचीचं, म्हणजे 4100 किलो. समुद्राचं चार मीटरचं, तेही 4100 किलोच. इथे दोन्ही बाजू समान झाल्या. तळाशी मात्र नदीचे 8100 आणि समुद्राचे 8200 किलो, म्हणून तिथे खारं पाणी आत शिरतं. एकाच जागी वरचा प्रवाह बाहेर, खालचा आत! मला या विषयातली ही सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. खाऱ्या पाण्याची ही जीभ आत जाताना पाचरीसारखी निमुळती होत जाते.

हे थर आपोआप मिसळत नाहीत, कारण मिसळायचं तर खालचं जड पाणी वर उचलावं लागतं आणि त्याला ऊर्जा लागते. ती मुख्यतः भरती-ओहोटी पुरवते. उन्हाळ्यात मांडवीला वरून पाणी फारच कमी येतं. तेव्हा भरती-ओहोटीची घुसळण भारी ठरते आणि वर-खाली क्षारता जवळपास सारखी होते; खारेपणाही नदीत बराच आतवर पोचतो. पावसाळ्यात इतकं गोडं पाणी लोटतं, की घुसळण अपुरी पडते आणि थर टिकतात. त्यातही भांगाच्या दिवसांत प्रवाह मंद असल्यानं ते अधिक स्पष्ट राहतात, उधाणाला विस्कटतात.

त्यामुळे पृष्ठभागावरची एक बाटली भरून खाडीची क्षारता सांगता येत नाही. पाण्याची विद्युतवाहकता मोजणारं उपकरण वरून तळापर्यंत सोडतात, कारण मीठ वाढलं की वाहकता वाढते. थर असतील तर आकडा काही अंतर स्थिर राहून एकाएकी उसळतो. घुसळलेल्या खाडीत तो तळापर्यंत फारसा हलत नाही.