आधी वही, मग एसआयपी

नाशिकमधलं एक तिघांचं कुटुंब उदाहरणादाखल घेऊ. नवरा 35 वर्षांचा, बायको 32 वर्षांची आणि मुलगी 5 वर्षांची. हातात येणारा पगार 70,000 रुपये. त्यातले 20,000 घराच्या हप्त्यात जातात, 45,000 घरखर्चात. उरलेल्या 5,000 रुपयांची एसआयपी सुरू करावी, असं दोघांच्या मनात आहे. विचार चांगलाच आहे, पण दोन वर्षांनी उद्या तो गेलाच, तर त्या एसआयपीत सव्वा लाखाच्या आसपास रक्कम असेल. त्यावर घर तीन-चार महिने चालेल. म्हणून आधी टर्म विमा घ्यायचा.

तो किती रकमेचा? ‘वार्षिक उत्पन्नाच्या दहापट’ हे उत्तर सगळीकडे ऐकायला मिळतं. या घरात ते 84 लाख होतं. मात्र विम्याने भागवायची असते ती घराची गरज, आणि ती पगाराच्या चिठ्ठीत सापडत नाही. ती घरखर्चाच्या वहीत असते.

वही उघडून वाणसामान, दूध, गॅस, वीजबिल, शाळेची फी, सोसायटीचा मेंटेनन्स, औषधं असं सगळं मांडलं, की बेरीज 45,000 येते. त्यातला त्याचा स्वतःचा खर्च, म्हणजे पेट्रोल, बाहेरचं चहापाणी, मोबाइल, कपडे, असा 9,000 वजा करू. मायलेकींना महिन्याला 36,000 लागतील, म्हणजे वर्षाला 4 लाख 32 हजार.

आता वर्षं मोजायची. मुलगी पंचविशीत कमावती होईल असं धरलं, तर ही 20 वर्षं झाली. त्यांचे 86 लाख 40 हजार. त्यानंतर आई एकटी. तिला आजच्या भावाने महिन्याला 24,000 पुरतील. तिच्या वयाच्या 85 पर्यंत आणखी 33 वर्षं, त्यांचे सुमारे 95 लाख. यात घराचं उरलेलं कर्ज 20 लाख आणि मुलीच्या शिक्षणाचे आजच्या भावाने 20 लाख मिळवले, की 2 कोटी 21 लाख होतात. पीएफ आणि मुदत ठेवीत मिळून 10 लाख आहेत, ते वजा केले की उरतात 2 कोटी 11 लाख. विमा एवढ्याचा हवा. राहतं घर आणि अंगावरचं सोनं या वजाबाकीत धरलेलं नाही. ते विकून वाणसामान आणायची वेळ यायला नको.

महागाईचं काय? विम्याची रक्कम बँकेत ठेवली, तर कर भरून उरणारं व्याज साधारण महागाईइतकंच पडतं, असं इथे धरलं आहे. त्यामुळे आजचाच खर्च वर्षांनी गुणला तरी चालतो. भावाने शेअर बाजारातल्या तेजीचे आकडे धरून ही रक्कम कमी करू नये. नुकतंच माणूस गमावलेलं घर तेवढी जोखीम पेलू शकत नाही.

आता तेच 84 लाख पुन्हा पाहू. कर्ज फेडून आणि शिक्षणाचे पैसे बाजूला ठेवून 44 लाख उरतात, शिल्लक धरून 54 लाख. ते साडेबारा वर्षं पुरतात. तेव्हा मुलगी नुकतीच बारावी झालेली असेल आणि आई चव्वेचाळिशीत. पुढचं वाणसामान मुलीच्या कॉलेजच्या पैशांतून येईल.

ऑफिसचा गट विमा या हिशेबात धरू नये. नोकरी सुटली की बहुधा तोही सुटतो. बायकोची पुढे लागू शकणारी नोकरीही आज धरू नये. ती खरंच लागली, की रक्कम कमी करता येईल.

विम्याची मुदत त्याच्या साठीपर्यंत पुरते. तोवर कर्ज फिटलेलं असेल, मुलगी मार्गी लागलेली असेल आणि निवृत्तीची पुंजी साठलेली असेल. पस्तिशीतल्या, तंबाखू-सिगारेट न घेणाऱ्या निरोगी माणसाला एवढ्या रकमेचा हप्ता साधारण महिना अडीच-तीन हजारांच्या घरात पडतो. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आयुर्विम्यावर जीएसटीही नाही. म्हणजे 5,000 पैकी एसआयपीलाही काही उरतं. हीच रक्कम मनीबॅक पॉलिसीत भरली, तर विमा जेमतेम काही लाखांचा मिळतो.

शेवटची गोष्ट फॉर्मची. मधुमेह, सिगारेट, जुनी पॉलिसी हे प्रश्न एजंटला भरू देऊ नका, आणि सहीआधी प्रत्येक उत्तर स्वतः वाचा. लपवलेली गोष्ट पहिल्या तीन वर्षांत उघडकीला आली, तर कंपनी दावा नाकारू शकते. विमा कायद्याच्या कलम 45 नुसार तीन वर्षांनंतर पॉलिसीवर प्रश्न उपस्थित करता येत नाही. पण लपवलेल्या आजारावर उभी असलेली पॉलिसी त्या तीन वर्षांत घराला आधार देत नाही. पॉलिसी हाती आली, की तिचा नंबर बायकोच्या त्याच खर्चाच्या वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवा. दुसरं मूल झालं किंवा नवं कर्ज घेतलं, की ती वही पुन्हा उघडायची आणि बेरीज नव्याने मांडायची.