वहीतली पेशी किती मोठी?

कांद्याच्या पापुद्र्याचं चित्र काढायचं आणि त्याखाली ‘१०० पट’ लिहायचं, ही जर्नलमधली जुनी सवय आहे. नेत्रिकेवर १०, वस्तुभिंगावर १०, गुणाकार १००. गुणाकार बरोबर असला तरी तो सूक्ष्मदर्शकाचा आहे, वहीतल्या चित्राचा नाही. तीच पेशी एक मुलगी अर्ध्या पानभर काढते, तर शेजारचा मुलगा नखाएवढी. दोघांच्या चित्रांचं वर्धन एकच कसं असेल?

चित्राचं वर्धन काढायचं तर चित्रातली लांबी भागिले खरी लांबी. अडचण खऱ्या लांबीची. ती मोजायला शाळेत एक पारदर्शक प्लास्टिकची पट्टी पुरते. ४ पटीच्या वस्तुभिंगाखाली पट्टी ठेवून, दिसणाऱ्या गोलाच्या बरोबर मधून किती मिलिमीटर मावतात ते मोजायचं. समजा साडेचार मावले. वस्तुभिंग १० पटीचं केलं की गोल त्याच प्रमाणात आक्रसतो: ४.५ गुणिले ४ भागिले १०, म्हणजे १.८ मिलिमीटर, अर्थात १८०० मायक्रोमीटर.

आता पट्टी काढून पापुद्र्याची काचपट्टी ठेवा आणि पेशींच्या लांब बाजू गोलाच्या व्यासावर येतील अशी फिरवा. एका ओळीत सहा पेशी बसल्या, तर प्रत्येकीची लांबी सरासरी ३०० मायक्रोमीटर. सगळ्या पेशी सारख्या नसतात, म्हणून दोन-तीन ओळी मोजलेल्या बऱ्या.

सरासरी लांबीची अशी एक पेशी वहीत ९ सेंटिमीटर लांब काढली, असं धरू. भागाकाराआधी दोन्ही मापं एकाच एककात आणायची. बहुतेक चुका इथेच होतात. ९ सेंटिमीटर म्हणजे ९० मिलिमीटर, म्हणजेच ९०,००० मायक्रोमीटर. त्याला ३०० ने भागलं की ३०० पट. सूक्ष्मदर्शक १०० पटीचा, चित्र ३०० पटीचं, आणि त्यात काहीही विसंगत नाही. उत्तर ०.३ किंवा तीन लाख आलं, तर एकक बदलताना हजाराचा घोळ झाला असं खुशाल समजावं. आणि पट्टीवरून केलेल्या मोजणीत ‘२९७.६ पट’ लिहू नये. तेवढी अचूकता त्या पट्टीत नाही.

मापरेषा, म्हणजे स्केल बार, याच आकड्यातून निघते. १०० मायक्रोमीटर गुणिले ३०० म्हणजे ३०,००० मायक्रोमीटर, म्हणजे ३ सेंटिमीटर. चित्राखाली नेमकी तेवढी आडवी रेघ पट्टीने आखून तिच्यावर ‘१०० µm’ लिहायचं.

वर्धन लिहिलेलं असताना ही रेघ कशाला? पानाचा फोटो काढून तो निम्म्या आकारात छापला, की पेशी साडेचार सेंटिमीटरची होते आणि शेजारी लिहिलेलं ‘३०० पट’ खोटं ठरतं. रेघ मात्र पेशीबरोबरच आखडून दीड सेंटिमीटर होते, आणि पेशीत ती अजूनही तीनदाच बसते.